हॅशटॅगमधली कॅपिटल अक्षरं

लांब हॅशटॅग इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायची पद्धत. हिला कॅमल केस म्हणतात, आणि अगदी पहिलं अक्षरही कॅपिटल असेल तर पास्कल केस. अंध माणसं मोबाइल-कॉम्प्युटर स्क्रीन रीडरवर ऐकून वापरतात, त्यांना हॅशटॅगमधले शब्द सुटेसुटे ऐकू यावेत म्हणून हे करायचं.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचंच घ्या. #satarahillhalfmarathon असं सगळं स्मॉलमध्ये टाकलं तर स्क्रीन रीडरच्या आवाजाला ही २२ अक्षरांची एकच पट्टी मिळते, मध्ये स्पेस नाही, मग शब्द कुठं संपला ते कळणार कसं. असा शब्द त्याच्या डिक्शनरीत नसतो, त्यामुळं तो स्पेलिंगच्या नियमांवरून अंदाजाने उच्चार बनवतो, आणि hill मधला l, पुढच्या half चा h, सगळं एकमेकांत घुसून काहीतरी भलतंच ऐकू येतं. ऐकणाऱ्याला शंका आली तर मागं जाऊन एकेक अक्षर ऐकत बसावं लागतं. तेच #SataraHillHalfMarathon लिहिलं की स्मॉलनंतर कॅपिटल आलं तिथं शब्द तुटतो, आणि hill, half, marathon हे तिन्ही त्याच्या ओळखीचे शब्द स्वच्छ येतात. Satara चा उच्चार मात्र इंग्रजी वळणाचाच राहील, कारण कॅपिटलमुळं फक्त शब्द सुटतात, मराठी उच्चार काही येत नाही.

कॅपिटल केल्यानं टॅग बदलत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, एक्स, सगळीकडे स्मॉल-कॅपिटल एकच धरतात, दोन्हीवर टॅप केलं तरी त्याच पोस्टी दिसतात, म्हणजे रीच कमी होईल ही भीती नाही. पण टाइप करताना खाली सजेशनची यादी येते आणि त्यात बऱ्याचदा स्मॉलमधलाच टॅग असतो, त्यावर टॅप केलं की आपली कॅपिटलं गेली. म्हणून पोस्ट करण्याआधी कॅप्शनवर एकदा नजर टाकायची. बॅनरवर, टी-शर्टवरही कॅपिटलसकटच छापावं, कारण लोक बघून जसंच्या तसं टाइप करतात.

सगळीच अक्षरं कॅपिटल केली तर उपयोग नाही. #SATARAHILLHALFMARATHON मध्ये पुन्हा शब्दांची हद्द गायब होते. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना अजून एक गडबड होते, ती म्हणजे प्रत्ययाला कॅपिटल देणं. सांगलीची हळद म्हणून #SangliChiHalad लिहिलं तर 'सांगली', 'ची' असं तुटून येतं, तिथं #SanglichiHalad पाहिजे. सांगलीकरचंही तसंच, SangliKar नको, Sanglikar. आपण बोलताना जिथं थांबतो तिथंच कॅपिटल द्यायचं.

देवनागरीत कॅपिटल नसतंच, आणि खरी अडचण इथं आहे. #सांगलीचीहळदबाजारात असा टॅग मराठी आवाज वाचतो तेव्हा 'हळद' मधल्या शेवटच्या द चा अ म्हणायचा की गिळायचा हे तो शब्द कुठं संपतो त्यावरून ठरवतो, आणि इथं तर शब्द संपलेलाच दिसत नाही, मग उच्चार बिघडतो. यावर उपाय अंडरस्कोर, #सांगलीची_हळद_बाजारात. हायफन किंवा स्पेस चालत नाही, टॅग तिथंच तुटतो आणि फक्त पहिला तुकडा लिंक होतो. अंडरस्कोर काही फोनवर मोठ्याने वाचला जातो, थोडं कानाला खटकतं, पण शब्द तरी कळतात. स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये विरामचिन्हं किती वाचायची ते कमीजास्त करता येतं, ते ऐकणाऱ्याच्या हातात असतं.

फक्त एक लक्षात घ्यायला हवं, अंडरस्कोरवाला टॅग आणि बिनअंडरस्कोरचा टॅग हे दोन वेगळे टॅग होतात, कॅपिटलसारखं इथं चालत नाही. अर्ध्या गावानं #कास_पठार आणि अर्ध्यानं #कासपठार लिहिलं तर पोस्टी दोन ठिकाणी विखुरतात. त्यामुळं देवनागरी टॅग असेल तर मंडळानं किंवा आयोजकांनी पहिल्याच पोस्टला अंडरस्कोरसकट ठरवून टाकावा.

कसं ऐकू येतं ते स्वतः तपासणं अवघड नाही. अँड्रॉइडवर टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर असतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर, दोन्ही सेटिंगच्या ॲक्सेसिबिलिटीत सापडतात, आणि विंडोजच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए फुकट टाकता येतो. टॉकबॅक चालू केल्यावर एका टॅपनं वस्तू वाचली जाते आणि उघडायला दोनदा टॅप लागतो, त्यामुळं पहिल्यांदा फोन अडकल्यासारखा वाटतो. बंद करायचा शॉर्टकट आधीच बघून ठेवावा, बऱ्याच फोनवर तो दोन्ही व्हॉल्यूम बटणं काही सेकंद दाबून धरायचा असतो. मग पोस्ट उघडून कॅप्शनवर बोट ठेवायचं. एकाच फोनवर नीट आलं म्हणून सगळीकडे तसंच येईल असं नाही, प्रत्येक आवाजाचे शब्द तोडायचे नियम वेगळे असतात, विशेषतः MPSCSatara सारखं शॉर्टफॉर्मला लागून नाव आलं की कुठं तोडायचं यात त्यांची गल्लत होते. असं असेल तर शॉर्टफॉर्म शेवटी घ्यावा, #SataraMPSC.