देबेनचा हिशोब: नाण्यांविना चाललेला बाजार

पाठ्यपुस्तकांत पैशाची तीन कार्ये एका दमात सांगितली जातात: विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन आणि मूल्यसंचयाचे साधन. आपल्या खिशातली एकच नोट ही तिन्ही कामे करत असल्यामुळे ती मुळात वेगवेगळी आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. ती सुटी झालेली पाहायची असतील तर प्राचीन इजिप्तमधल्या एका वस्तीचा हिशोब तपासावा लागतो. नाईलच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सरसमोर, देर अल-मदिना नावाची कारागिरांची वसाहत होती. राजांच्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे लोक तिथे राहत. इसवी सनपूर्व तेराव्या आणि बाराव्या शतकांत त्यांनी आपले व्यवहार चुनखडीच्या कपऱ्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापरांवर लिहून ठेवले, आणि अशा हजारो नोंदी आज उपलब्ध आहेत. पहिली नाणी पाडली जायला तेव्हा अजून काही शतके अवकाश होता.

या नोंदींत वस्तूंची किंमत बहुधा ‘देबेन’मध्ये दिलेली असते. देबेन हे वजन होते, सुमारे 91 ग्रॅम, आणि किमतीसाठी बहुतेक वेळा तांब्याचे देबेन धरले जात. साधा अंगरखा साधारण 5 देबेनचा. समजा, एका बैलाची किंमत 50 देबेन ठरली. खरेदीदार 50 देबेन तांबे मोजून देत असे, असे मात्र नाही. तो 30 देबेनचे चरबीचे एक मडके देई, 10 देबेनचे दोन अंगरखे देई आणि उरलेल्या 10 देबेनची भरपाई तेल किंवा तांब्याच्या मोडीने करी. (हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण व्यवहाराची घडण अशीच असे.) म्हणजे तांबे कित्येकदा हातात न येताही प्रत्येक वस्तूचा भाव तांब्यात बोलला जाई. वस्तू वस्तूंच्या बदल्यातच जात होत्या, आणि तरीही मूल्य मोजण्याचे एक सामाईक साधन लोकांजवळ होते.

एवढ्यानेही वस्तुविनिमयाची एक अडचण बऱ्यापैकी सुटते. बाजारात 100 प्रकारच्या वस्तू असतील आणि सामाईक माप नसेल, तर प्रत्येक वस्तूचा इतर प्रत्येक वस्तूशी असलेला दर वेगळा लक्षात ठेवावा लागतो. असे दर 100 गुणिले 99 भागिले 2, म्हणजे 4950 होतात. शिवाय ते एकमेकांशी सुसंगत असावे लागतात. नसले तर चपला देऊन टोपली, टोपली देऊन तेल आणि तेल देऊन पुन्हा चपला घेताना कोणीतरी चतुर माणूस काही न करता नफा काढतो. सर्व भाव देबेनमध्ये सांगितले की आकडे 100 वर येतात आणि ही विसंगती चटकन उघडी पडते.

दुसरी अडचण मात्र सामाईक मापाने सुटत नाही. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी 1875 मध्ये तिची नेमकी मांडणी केली: माझ्याजवळचे तुम्हाला हवे असले पाहिजे आणि त्याच वेळी तुमच्याजवळचे मला. गरजांची ही दुहेरी संगती किती दुर्मिळ असते याचा ढोबळ अंदाज करता येतो. समजा, प्रत्येकाकडे 100 पैकी एकच वस्तू आहे आणि प्रत्येकाला दुसरी एकच वस्तू हवी आहे, आणि या आवडीनिवडी कशाही विखुरलेल्या आहेत. भेटणाऱ्या माणसाकडे मला हवी ती वस्तू असण्याची शक्यता साधारण शंभरात एक. त्याला नेमकी माझीच वस्तू हवी असण्याची शक्यता पुन्हा शंभरात एक. दोन्ही एकाच माणसात जुळण्याची शक्यता मग दहा हजारांत एक उरते. सर्वजण घ्यायला तयार असतील अशी एखादी वस्तू मध्ये आली, तर हा शोध दोन स्वतंत्र भागांत मोडतो: आधी माझी वस्तू घेणारा शोधायचा, मग मला हवी ती देणारा. सरासरीने प्रत्येकी सुमारे शंभर भेटी, एकूण दोनशे. दहा हजार आणि दोनशे यांतला फरक हीच विनिमयाच्या माध्यमाची कमाई आहे.

मग देर अल-मदिनाचे कसे भागत होते? मुख्यतः उधारीवर. वस्ती लहान होती, सगळे एकमेकांना ओळखत. त्यामुळे वस्तू आज द्यायची, देबेनमध्ये नोंद करायची आणि परतफेड सवडीने, जी वस्तू हाती येईल तिच्यात घ्यायची, असे चाले. (केवळ तात्काळ अदलाबदलीवर जगणारा समाज मानववंशशास्त्रज्ञांनाही कुठे स्पष्टपणे आढळलेला नाही. पाठ्यपुस्तकांतले चित्र या बाबतीत फारच ढोबळ आहे.) पण उधारी विश्वासावर चालते, आणि विश्वासाला मर्यादा असतात. मेन्ना नावाच्या कामगाराने चरबीचे एक मडके पोलिसांच्या प्रमुखाला, मेंटमोसे याला, दिले. मोबदल्यात जव मिळणार होते. ते मिळाले नाहीत. मेन्नाने पुन्हा पुन्हा न्यायसभेकडे दाद मागितली आणि प्रकरण सुमारे 18 वर्षे रेंगाळले. किंमत किती, हा वाद नव्हताच. देणेकरी वजनदार माणूस होता, आणि व्यवहाराच्या क्षणीच हातात पडून देणे संपवेल असे माध्यम वापरले गेले नव्हते.

तिसरे कार्य काळाशी निगडित आहे. कामगारांना महिन्याचे वेतन धान्यात मिळे: साधारण 4 खार गहू आणि दीड खार जव, एका खारात सुमारे 77 लिटर. धान्याला कीड लागते, चरबी खवट होते, बैल खातो आणि म्हातारा होतो. तांबे टिकते आणि तुकडे करूनही त्याचे मूल्य घटत नाही, म्हणून मूल्य साठवायला ते उजवे. पण टिकाऊपणा म्हणजे स्थिर मूल्य नव्हे. विसाव्या राजवंशाच्या उत्तरार्धात धान्याचा देबेनमधला भाव कित्येक पटींनी चढला. तांबे तेवढेच राहिले, पण त्याच्या बदल्यात मिळणारी भाकरी कमी झाली. त्या काळात चांदी आणि तांबे यांचे परस्परांतले प्रमाणही साधारण 1:100 वरून 1:60 वर आले. म्हणजे मीटरची पट्टी लांबीबाबत जशी ठाम असते तसे मूल्याचे माप नसते. ते स्वतःच बाजारातली एक वस्तू असते, आणि तिचाही भाव बदलतो.

ही तीन कार्ये एकाच वस्तूत एकवटल्यावरही पुन्हा फुटू शकतात, आणि फुटण्याला बहुधा एक क्रम असतो. 1923 च्या जर्मनीत तो दिसला. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले होते. मार्क साठवणे लोकांनी आधीच सोडले होते; पगार हाती पडताच त्याची वस्तूंत वासलात लावली जाई. मग भाव आणि करार मार्कमध्ये ठरवणे बंद होऊ लागले, व्यापारी हिशोब डॉलरमध्ये किंवा सोन्याच्या मार्कमध्ये मांडू लागले. आणि तरीही देवाणघेवाणीत कागदी मार्क चालतच राहिला, कारण पुढचा माणूस तो निदान आजच्या आज घेईल एवढी खात्री अजून उरलेली होती. देर अल-मदिनात माप होते आणि माध्यम नव्हते. इथे माध्यम उरले आणि माप निघून गेले. 15 नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक रेंटेनमार्क एक लाख कोटी कागदी मार्कांबरोबर धरला गेला, तो किती काढायचा यावर मर्यादा घातली गेली, आणि भाव पुन्हा लोकांना पेलतील अशा आकड्यांत लिहिता येऊ लागले.