दहावी पायरी का लागते?

x³ − २x − ५ = ० हे समीकरण न्यूटनने आपली पद्धत समजावताना वापरलं होतं. त्याचं मूळ आपण साध्या द्विभाजनाने शोधू, पण हजारांशापर्यंत अचूक. म्हणजे चूक ०.००१ पेक्षा जास्त नको.

x = २ ठेवलं की डाव्या बाजूची किंमत −१ येते, ३ ठेवलं की १६. चिन्ह बदललं आणि आलेख सलग आहे, म्हणून मूळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहेच. आता मध्यबिंदू काढायचा, तिथलं चिन्ह पाहायचं आणि ज्या अर्ध्यात चिन्ह बदलतं तेवढाच ठेवायचा. पहिला मध्यबिंदू २.५. मूळ त्याच्या डावीकडे असो वा उजवीकडे, त्यापासून फार तर अर्ध्या एककावर असणार. दुसऱ्यापासून फार तर पाव, तिसऱ्यापासून एक अष्टमांश. सुरुवातीची रुंदी १ असल्यामुळे n व्या मध्यबिंदूची चूक १/२ⁿ पेक्षा जास्त असूच शकत नाही. २⁹ = ५१२, हजाराला पुरत नाही. २¹⁰ = १०२४, पुरतं. म्हणून दहा पायऱ्या.

हा आकडा गणित सुरू करण्याआधीच कळतो, आणि समीकरण कितीही वेडंवाकडं असलं तरी बदलत नाही. फक्त सुरुवातीची रुंदी आणि हवी ती अचूकता पुरे. रुंदी ८ असती, तर आणखी तीनच पायऱ्या लागल्या असत्या. सहा दशांश स्थळांसाठी, म्हणजे दशलक्षांशासाठी, दहाच्या वीस होतात.

मग प्रत्यक्षात काय होतं? खरं मूळ २.०९४५५१… आहे. मध्यबिंदू येतात २.५, २.२५, २.१२५, २.०६२५ आणि पाचवा २.०९३७५. त्याची चूक फक्त ०.०००८! पाचव्यालाच काम झालं की. पण हे आपल्याला मूळ आधीच ठाऊक आहे म्हणून दिसतं. पद्धतीला ते कळत नाही, ती फक्त चिन्ह बघते. सहावा मध्यबिंदू २.१०९३७५, आणि चूक पुन्हा ०.०१४८ वर. नवव्याची चूक ०.००११५, म्हणजे थोडक्यात हुकली. दहावा २.०९४७२६…, चूक ०.०००१८. एकेका पायरीला चूक वरखाली होते. हमखास निम्मी होते ती चुकीची कमाल मर्यादा.

अचूकता मागण्यालाही मर्यादा आहे. संगणकाच्या नेहमीच्या ६४-बिट फ्लोटिंग-पॉइंट संख्यांमध्ये २ आणि ४ यांच्या दरम्यानच्या दोन शेजारी संख्यांतलं अंतर २⁻⁵¹, म्हणजे सुमारे ४.४ × १०⁻¹⁶ असतं. तेव्हा ही अट पाहा, यात a आणि b ही उरलेल्या भागाची दोन टोकं:

```
while b - a > 1e-16:
```

एक्कावन्न पायऱ्यांनंतर a आणि b शेजारी येतात. त्यांच्या मध्ये संख्याच उरत नाही, त्यामुळे मध्यबिंदू म्हणून त्यांच्यापैकीच एक परत मिळतो, आणि प्रोग्रॅम तिथेच फिरत बसतो. पायऱ्या आधी मोजून `for` वापरलं, तर हा प्रसंगच येत नाही.