युनिट, मिली आणि सिरिंजवरची रेघ

युनिट म्हणजे औषधाचं मोजमाप आणि मिली म्हणजे द्रवाचं, एवढं इन्सुलिन घेणाऱ्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. भागाकारही सोपा आहे: युनिटला बाटलीवर छापलेल्या 'प्रति मिली' आकड्यानं भागायचं. १८ युनिट आणि बाटलीवर ४० आययू प्रति मिली, तर १८ ÷ ४० = ०.४५ मिली. त्याच बाटलीवर १० मिली हाही आकडा असतो, पण तो पूर्ण बाटलीचा. त्यानं भागू नका.

गोंधळ होतो तो पुढे. सिरिंजवर युनिटचे आकडे छापलेले असतात, म्हणून लोक समजतात की १८ च्या रेघेपर्यंत ओढलं की १८ युनिट आले. पण नळीला आत कोणतं औषध आहे हे काय कळतं? तिला फक्त जागा कळते. लाल टोपणाच्या, ४० वाल्या सिरिंजवर १८ ची रेघ ०.४५ मिलीवर असते. केशरी टोपणाच्या, १०० वाल्या सिरिंजवर तीच रेघ ०.१८ मिलीवर. रेघेवरचा आकडा खरा ठरतो तो बाटली तेवढ्याच ताकदीची असेल तरच.

आता मेडिकल चौकातल्या एखाद्या दुकानात काकूंनी नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं आणि पोरानं हाताला लागली ती केशरी दिली, असं धरा. घरी बाटली ४० ची. १८ च्या रेघेपर्यंत ओढलं की ०.१८ मिली, म्हणजे ०.१८ × ४० = ७.२ युनिट. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि एक दिवस बरोबर सिरिंज घरात आली की तो वाढलेला डोस पूर्णच्या पूर्ण अंगात जातो. उलटी चूक तर त्याच दिवशी भोवते: १०० ची बाटली, लाल सिरिंज, १८ ची रेघ, म्हणजे ०.४५ × १०० = ४५ युनिट. घाम, थरथर, भोवळ, वेळीच साखर दिली नाही तर बेशुद्धी.

मला सगळ्यात चीड येते ती 'एक युनिट म्हणजे ०.०१ मिली' असं बिनधास्त सांगणाऱ्या परदेशी व्हिडिओंची. तिकडे बाटली सहसा १०० ची असते, म्हणून त्यांचं बरोबर. आपल्याकडच्या ४० च्या बाटलीत एक युनिट ०.०२५ मिलीचं. त्यात आपल्याकडे पेनची काडतुसं १०० ची, आणि काही बाटल्याही १०० च्या मिळतात, म्हणून 'भारतात ४०च' असंही धरून चालू नका.

दुकानातच बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा वाचा. जुळत नसेल तर डोक्यात हिशेब करून रेघ बदलण्यापेक्षा सिरिंज बदलून घ्या. हिशेब तुम्ही कराल हो, पण उद्या सकाळी सुई टोचणारा कोणी दुसराच असेल.