लॉगरिथमी घट

आंदोलन करणाऱ्या वस्तूला रोध होत असेल, तर तिचा परमप्रसर (मध्यस्थितीपासूनचे कमाल अंतर) दर फेरीला कमी होत जातो. रोध वेगाच्या सम प्रमाणात असल्यास एकाच बाजूच्या लागोपाठच्या कोणत्याही दोन शिखरांचे गुणोत्तर सारखेच राहते. या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमला लॉगरिथमी घट म्हणतात. ती δ या अक्षराने दर्शवितात.

अशा अवमंदित आंदोलनाचे समीकरण x = A e^(−γt) cos(ωt + φ) असे आहे. एका आवर्तकालात, म्हणजे T सेकंदांत, परमप्रसर e^(−γT) पट होतो, म्हणून δ = γT. शिखरे स्वतः दर वेळी कमीकमी अंतराने उतरतात, पण त्यांचे लॉगरिथम समान पायऱ्यांनी उतरतात. त्यामुळे दोन शिखरांच्या मधली शिखरे न मोजताही δ = (1/n) ln(A₀/Aₙ) हे सूत्र वापरता येते. येथे n ही मधल्या पूर्ण आवर्तनांची संख्या होय. काटेकोरपणे पाहता शिखर हे e^(−γt) या आवरण-वक्रावर नसते. वक्र आवरणाला स्पर्श करतो त्याच्या किंचित आधी ते येते. मात्र हा फरक प्रत्येक शिखराला सारखाच असल्याने गुणोत्तरात तो उरत नाही.

या राशीच्या उगमाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. न्यूटन यांनी १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त लंबकाच्या कमानीचा ठराविक भाग, उदा., एक अष्टमांश, गमावला जाईपर्यंत किती झोके होतात हे मोजून रोधाचा अंदाज घेतला होता. परंतु त्यात लॉगरिथमची राशी नाही. तिचे श्रेय सामान्यतः गाउस यांना देतात आणि ते अधिक सयुक्तिक वाटते. १८३० नंतरच्या दशकात गटिंगेन येथे टांगलेल्या चुंबकाची आंदोलने मोजताना त्यांनी ती वापरली. पुढे मॅक्सवेल यांनी वायूंच्या श्यानतेवरील प्रयोगांत (१८६६) टांगलेल्या तबकड्यांच्या आंदोलनांची घट याच रीतीने मोजली. जुने आकडे वाचताना मात्र सावध राहावे लागते. चुंबकसूची व गॅल्व्हानोमीटर यांच्या वाचनात डावे व उजवे अशी दोन्ही टोके नोंदवीत, त्यामुळे ‘लागोपाठची’ म्हणजे अर्ध्या आवर्तनाने वेगळी टोके होत आणि घट आजच्या निम्मी येई. आकडा १० पायाच्या लॉगरिथममध्ये असेल, तर त्याला आणखी २.३०२६ ने गुणावे लागते.

एक उदाहरण पाहू. स्प्रिंगला टांगलेल्या ०.५ किग्रॅ. वस्तुमानाचा आवर्तकाल ०.८ सेकंद आहे. पहिले शिखर ४० मिमी., पुढचे ३४ मिमी. आणि पाच आवर्तनांनंतरचे १८ मिमी. भरते. ln(४०/१८) = ०.७९८५, म्हणून δ = ०.१६०. त्यावरून γ सुमारे ०.२० प्रति सेकंद आणि रोधाचा गुणांक 2mγ सुमारे ०.२० किग्रॅ. प्रति सेकंद मिळतो. अवमंदन गुणोत्तर ζ = δ/√(4π² + δ²) या सूत्राने ०.०२५ येते. अवमंदन इतके कमी असताना नुसते δ/2π घेतले तरी चालते.

वाचनात अर्ध्या मिलिमीटरची चूक संभवते असे धरले, तर फक्त पहिल्या दोन शिखरांवरून δ चे मूल्य ०.१३५ ते ०.१९० यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. पाच आवर्तनांनी हीच मर्यादा ०.१५२ ते ०.१६८ इतकी आवळते. म्हणून फार दूरचे शिखर घ्यावे असेही नाही, कारण ते इतके लहान होते की त्याच्या वाचनातील चूकच वरचढ ठरते. सर्व वाचनांतील चूक सारखी असेल, तर सुमारे एक तृतीयांश झालेले शिखर सर्वांत उपयुक्त असते. येथे ते सातवे आवर्तन होय.

याहून धोक्याची चूक शून्याची असते. मध्यस्थिती २ मिमी.ने चुकली, तर वरील शिखरे ४२ व २० वाचली जातात आणि δ घसरून ०.१४८ होते. कितीही वेळा मोजले तरी ही चूक जात नाही. शिखरापासून लगतच्या विरुद्ध टोकापर्यंतचे पूर्ण अंतर मोजले, तर शून्याची गरजच राहत नाही.

शिखरांचे लॉगरिथम आवर्तनांच्या क्रमांकासमोर मांडल्यास सरळ रेषा यायला हवी. रेषा शेवटी खाली वळत असेल, तर कोरड्या घर्षणाचा संशय घ्यावा. तेथे शिखरे गुणोत्तराने नव्हे, तर दर आवर्तनाला समान अंतराने उतरतात आणि वस्तू थोड्याच वेळात पूर्ण थांबते. सुरुवातीला उतार तीव्र व पुढे मंद दिसत असेल, तर रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असण्याचा संभव असतो. वेगाने हलणाऱ्या वस्तूला होणारा हवेचा रोध बहुधा असाच असतो. मात्र वर सांगितलेल्या शून्याच्या चुकीनेही रेषा अशीच वळते, म्हणून आधी शून्य तपासावे. या दोन्ही प्रकारच्या रोधांत δ परमप्रसराबरोबर बदलत राहते, त्यामुळे ती कोणत्या परमप्रसराला मोजली हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.