फिक्स्ड बजेट आणि फ्लेक्सिबल बजेट

फिक्स्ड बजेट म्हणजे उत्पादनाचा एकच आकडा धरून केलेलं बजेट, महिनाअखेरीला प्रत्यक्ष उत्पादन कितीही झालं तरी ते बदलत नाही. फ्लेक्सिबल बजेटमध्ये प्रत्येक खर्च उत्पादनाबरोबर कसा हलतो हे आधी ठरवून ठेवतात आणि जेवढा माल खरंच निघाला तेवढ्यासाठी बजेट पुन्हा मांडतात. दोघांतला फरक जादा खर्च शोधताना कळतो, व्याख्या पाठ करून कळत नाही.

समजा सोलापुरात टॉवेल विणणारं एक यंत्रमाग युनिट आहे आणि महिन्याचं बजेट १०,००० टॉवेलचं आहे. सूत दर टॉवेलमागे ६० रुपये म्हणजे ६ लाख, पीस रेटवरची मजुरी १५ रुपयांनी दीड लाख, वीज ६० हजार, आणि भाडं व सुपरवायझरचा पगार मिळून ९० हजार, सगळे मिळून ९ लाख. ऑर्डर कमी आल्या, ८,००० टॉवेलच निघाले आणि खर्च झाला ७ लाख ८० हजार. फिक्स्ड बजेटशी तुलना केली तर १ लाख २० हजार फेव्हरेबल, म्हणजे बजेटपेक्षा कमी खर्च, दिसतात, मॅनेजर खूश, आणि खरी अडचण तिथेच आहे कारण माल कमी काढला म्हणून खर्च कमी झालाय, त्यात काटकसर किती हे या आकड्यातून कळतच नाही.

आता बजेट ८,००० टॉवेलवर आणायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सरळ ९ लाखांचे ८० टक्के काढून ७ लाख २० हजार धरणं, पण भाडं काही टॉवेल कमी निघाले म्हणून कमी होत नाही. सूत ४ लाख ८० हजार, मजुरी १ लाख २० हजार, भाडं-पगार तसेच ९० हजार. वीज मात्र सेमी-व्हेरिएबल, काही खर्च स्थिर आणि काही उत्पादनाबरोबर बदलणारा, म्हणून तिचे दोन भाग करावे लागतात. मागच्या महिन्यांत ६,००० टॉवेलला बिल ४४ हजार आणि ११,००० ला ६४ हजार आलं असेल तर ५,००० टॉवेलमागे २० हजार वाढले, म्हणजे टॉवेलमागे ४ रुपये आणि २० हजार स्थिर. याला हाय-लो पद्धत म्हणतात, ती दोनच महिन्यांवर उभी असते म्हणून त्यातला एखादा महिना विचित्र असेल तर सगळा हिशोब वाकडा जातो. तर ८,००० ला वीज ५२ हजार आणि एकूण फ्लेक्सिबल बजेट ७ लाख ४२ हजार.

म्हणजे खर्च ३८ हजारांनी जास्त झालाय. फिक्स्ड बजेटमधले १ लाख २० हजार फेव्हरेबल म्हणजे उत्पादन घटल्यामुळे कमी झालेले १ लाख ५८ हजार वजा हे जादा गेलेले ३८ हजार ॲडव्हर्स, दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या.

३८ हजारांपैकी सुताचे ३२ हजार, विजेचे ४ हजार आणि भाडं-पगाराचे २ हजार. सगळ्यांच्या मागे धावत बसलं तर काम होत नाही म्हणून कंपन्या मर्यादा ठरवतात, उदाहरणार्थ फरक ५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि शिवाय १० हजारांपेक्षा जास्त असेल तरच रिपोर्टमध्ये खूण करायची, याला मॅनेजमेंट बाय एक्सेप्शन म्हणतात. विजेचा फरक जवळपास ८ टक्के आहे पण रक्कम छोटी, त्यामुळे खूण फक्त सुतावर लागते. तरी माझ्या मते विजेचा तोच फरक सलग तीन महिने त्याच दिशेने दिसला तर रक्कम न बघता चौकशी करावी, कारण हळूहळू वाढणारा खर्च अशा मर्यादेखालून आरामात निसटतो.

खूण लागली म्हणजे दोषी सापडला असं नाही. टॉवेलला ३०० ग्रॅम सूत, किलोला २०० रुपये असं ठरलं होतं, म्हणजे २,४०० किलो पुरायला हवं होतं. प्रत्यक्षात २,५०० किलो गेलं आणि भाव पडला २०४ रुपये ८० पैसे. भावामुळे १२ हजार जादा, तो प्रश्न खरेदीवाल्याला. १०० किलो जादा वापरामुळे २० हजार, तो विणकाम सुपरवायझरला. पण स्वस्त पडावं म्हणून कमजोर सूत घेतलं तर धागा जास्त तुटतो आणि दोष सुपरवायझरच्या नावावर दिसतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

ही सगळी पद्धत ठरावीक टप्प्यातच चालते. १२,००० च्या वर दुसरी शिफ्ट लावावी लागत असेल तर सुपरवायझर आणखी एक येतो आणि ९० हजारांचा आकडा एकदम उडी मारतो. आणि महिन्याचं वीज बिल हिशोबात पोस्ट व्हायचं राहिलं, तरतूदही केली नाही, तर रिपोर्ट फेव्हरेबल दाखवतो आणि पुढच्या महिन्यात दोन बिलं एकत्र येऊन खोटी खूण लागते, तेव्हा कारखान्यात चौकशीला जाण्याआधी लेजर बघावं.

जाहिरात, ट्रेनिंग असे खर्च उत्पादनाशी बांधलेले नसतात, तिथे वरची मर्यादा घालणारं फिक्स्ड बजेटच बरं पडतं.