उद्यमबागचा करडा तुकडा आणि माठातलं पाणी

आमचा भाचा उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे, तो मागच्या रविवारी भंगारातला एक करडा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, हे शिसं आहे काय ओ?" हातात घेतला तर बऱ्यापैकी जड, वजन १८० ग्रॅम, लोहचुंबक चिकटत नाही. मी म्हटलं थांब, गरम करून पाण्यात टाकून बघू, कारण प्रत्येक धातूची उष्णता साठवायची ताकद वेगळी असते. एक ग्रॅम धातू एक अंशाने तापवायला किती जूल लागतात तो आकडा म्हणजे विशिष्ट उष्मा. शिशाचा ०.१३, लोखंडाचा ०.४५, ॲल्युमिनियमचा ०.९०, आणि पाण्याचा तब्बल ४.१८.

उष्णता मोजायचं कॅलरीमीटर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे, तांब्याचा पातळ ग्लास आणि तांब्याची ढवळणी मिळून ९० ग्रॅम, थर्माकोलच्या डब्यात बसवलेलं. त्यात १५० ग्रॅम पाणी, तेही मुद्दाम माठातलं, २५ अंशाचं, कारण खोली २८ अंशाला होती. पाणी आधी खोलीपेक्षा थोडं गार आणि शेवटी थोडं गरम असलं की सुरुवातीला बाहेरून आत येणारी उष्णता आणि नंतर आतून बाहेर जाणारी उष्णता एकमेकींना बरीचशी फेडतात.

पहिल्यांदा तुकडा दोऱ्याला बांधून सरळ उकळत्या पाण्यात सोडला. इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे म्हणून आपल्याकडे पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. पुस्तकात १०० लिहिलंय म्हणून १०० धरलं तर उत्तर तिथेच चुकतं. थर्मामीटर लावूनच बघायचं.

मग तुकडा उचलला, झटकन ग्लासात सोडला, ढवळलं, पारा ३२.७ वर थांबला. म्हणजे पाणी ७.७ अंश चढलं. हिशोब सोपा आहे, पाणी आणि ग्लासाने जेवढी उष्णता घेतली तेवढीच धातूने दिली. पाणी आणि तांबं मिळून एका अंशाला ६६२ जूल घेतात, म्हणून ६६२ गुणिले ७.७ जे येईल त्याला १८० आणि ६४.८ च्या गुणाकाराने भागायचं (धातू ९७.५ वरून ३२.७ ला आला ना), उत्तर ०.४४. भाचा लगेच म्हणाला, लोखंडच की! पण चुंबक तर चिकटत नाही.

मला शंका आली म्हणून ग्लास सगळ्यासकट काट्यावर ठेवला. ९० अधिक १५० अधिक १८० म्हणजे ४२० ग्रॅम भरायला पाहिजे, भरलं ४२२. सापडलं! तुकड्याला चिकटून दोन ग्रॅम उकळतं पाणी आत गेलं होतं. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याने साडेपाचशेच्या आसपास जूल आत नेले आणि पारा पाऊण अंश जास्त चढवला. उलट बाजूची चूकही होते, तुकडा नेताना हवेत रेंगाळला की तो गार होतो आणि आकडा कमी येतो.

दुसऱ्यांदा तुकडा कोरड्या स्टीलच्या ग्लासात ठेवला, वर झाकण, तो ग्लास उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, थर्मामीटर तुकड्याला टेकवून. तो ९६ वर स्थिर झाला. मग ग्लास कॅलरीमीटरला अगदी चिकटवून तुकडा पाणी उडू न देता अलगद सरकवला. पारा ३१.८, म्हणजे ६.८ अंश. ६६२ गुणिले ६.८ ला १८० आणि ६४.२ च्या गुणाकाराने भागलं, उत्तर ०.३९. शिसं असतं तर पाणी जेमतेम अडीच अंश चढलं असतं. हाच हिशोब १०० अंश धरून केला तर ०.३७ येतं.

०.३९ म्हणजे जस्त. पण इथे घाई करू नका, तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर सगळी याच आसपास बसतात. त्याचं कारण मला फार आवडतं. १८१९ मध्ये द्युलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं की घन मूलद्रव्याचा विशिष्ट उष्मा गुणिले अणुभार साधारण २५ च्या जवळ येतो, म्हणजे उष्णता खरंतर ग्रॅमांना नाही तर अणूंना वाटली जाते, आणि प्रत्येक अणूचा वाटा जवळपास सारखाच. २५ ला ०.३९ ने भागा, ६४ येतं, जस्त ६५.४ आणि तांबं ६३.५, दोघांच्या अणूंचं वजन इतकं जवळ की आमच्या थर्मामीटरला तो फरक कळणं शक्यच नाही.

तांब्या-पितळेचा रंगच वेगळा, पण जर्मन सिल्व्हर दिसायलाही करडंपांढरं. म्हणून शेवटी तुकडा मोजपात्रात बुडवला. पाणी २५ मिलीलिटर वर आलं, म्हणजे घनता ७.२. जर्मन सिल्व्हरने १८० ग्रॅमला साधारण २१ मिलीलिटरच वर ढकललं असतं. भाच्याला सांगितलं, जस्त आहे, त्यात थोडं ॲल्युमिनियम मिसळलेलं असलं तर एवढ्या थर्मामीटरवर ते ओळखता यायचं नाही, पण शिसं नक्की नाही.