फुल अँड फायनल हिशेबाची पडताळणी

राजीनामा दिल्यानंतर कंपनी कर्मचाऱ्याचे देणेघेणे मिटवण्यासाठी जो हिशेब काढते, त्याला बोलीभाषेत ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. त्यात एका बाजूला राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी (कायद्याच्या मराठीत ‘उपदान’) असते, तर दुसऱ्या बाजूला वसुली. हा हिशेब पगार विभाग करतो, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा दुसऱ्याच कुणाच्या कागदावरून येतो. म्हणून पडताळणी बेरजेपासून नव्हे, कागदांपासून सुरू करावी. राजीनाम्याचा ईमेल, तो स्वीकारल्याचे पत्र, सर्व विभागांच्या सह्यांचा ‘नो ड्यूज’ फॉर्म, शेवटची वेतनचिठ्ठी आणि रजेचा उतारा एवढे जवळ असले की पुरते. कंपनीचा ईमेल आणि पोर्टल बंद होण्याआधी ते स्वतःकडे उतरवून घेतले पाहिजेत. नंतर मागताना फार त्रास होतो.

एक नमुना हिशेब पाहू. पुण्यातील एका खासगी कंपनीत १० जून २०१९ रोजी रुजू झालेली कर्मचारी ३१ जानेवारी २०२६ ला सुटली. एकूण पगार ५२,००० रुपये, त्यात मूळ वेतन ३१,२०० आणि महागाई भत्ता नाही. हिशेबात ग्रॅच्युइटी १,०८,००० रुपये दाखवली होती.

ग्रॅच्युइटीसाठी शेवटच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणतात. इथे एका वर्षाचे १८,००० रुपये होतात. म्हणजे कंपनीने सहा वर्षे धरली. सेवा मात्र सहा वर्षे सात महिने आणि वर काही दिवस झाली होती, आणि सहा महिन्यांहून जास्त असलेला तुकडा कायद्याने पूर्ण वर्ष मानला जातो. सात वर्षांचे १,२६,००० रुपये व्हायला हवेत. वर्षांचा अपूर्णांक सरळ कापून टाकला की ही चूक होते. २६ ऐवजी ३० ने भागले असेल तर वर्षाला १५,६०० रुपये येतात. रक्कम त्याच्या पटीत दिसली की भागाकार चुकला हे ओळखावे. नेमणूकपत्रातील सीटीसीत ग्रॅच्युइटीपोटी मूळ वेतनाचे ४.८१ टक्के दाखवतात. त्या रकमांची बेरीज करून कुणी हिशेब दिला तर तो मान्य करू नये. प्रत्येक वर्षाला शेवटचेच वेतन लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा असतो. या उदाहरणात मूळ वेतन साठ टक्के असल्याने फरक पडत नाही. मूळ वेतन पस्तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवलेल्यांना मात्र तो पडतो.

रजेच्या ओळीत १८ दिवस होते, तर नो ड्यूजवर मनुष्यबळ विभागाने २२ दिवसांची अर्जित रजा शिल्लक असल्याचे लिहिले होते. उताऱ्यात शोधल्यावर कारण मिळाले: नोटीस काळातले चार दिवस आजारपणाची रजा म्हणून मंजूर झाले होते, पण अर्जित रजेतून वजा झाले. इथे दिवसाचा दर कंपनीच्या रजा धोरणानुसार १,२०० रुपये होता, म्हणून ४,८०० रुपये कमी पडले. दर मूळ वेतनावर की एकूण पगारावर, हे आधी धोरणात वाचावे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते; त्याहून कमी मर्यादा लावून दिवस कापले असतील तर विचारणा करावी.

वसुलीत दोन नोंदी होत्या. लॅपटॉपच्या चार्जरचे १,८०० रुपये बरोबर निघाले, कारण आयटी विभागाने नो ड्यूजवर ‘चार्जर मिळाला नाही’ असे लिहून सही केली होती. दुसरी नोंद दहा दिवसांच्या कमी नोटिशीची, १०,४०० रुपयांची. राजीनामा १२ डिसेंबरला गेला होता, साठ दिवस १० फेब्रुवारीला भरत होते, त्यामुळे दिवसांची मोजणी चूक नव्हती. पण स्वीकृतीपत्रात कंपनीनेच ‘उर्वरित नोटीस माफ’ असे लिहून तिला आधी मोकळे केले होते. पगार विभागापर्यंत ते पत्र पोचलेच नव्हते. अशी वसुली योग्य असली तरी ती ग्रॅच्युइटीतून वळती करता येत नाही. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणे कायद्यात मोजकी आहेत, आणि कमी नोटीस त्यांत बसत नाही.

तीन चुका मिळून ३३,२०० रुपयांचा फरक निघाला. हरकत ईमेलने, प्रत्येक ओळीसमोर संबंधित कागद जोडून कळवावी. सही आधीच मागितली तर ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहून करावी. पगार दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटीचा वाद मिटला नाही, तर कामगार खात्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.